डच लोक सगळ्यालाच 'खझेलख' का म्हणतात? आई-बाबांना लिहिलेली ईमेल

साताऱ्याचा_समीर

मी चार वर्षं आइंडहोवनला आहे, मशीन डिझाइनमध्ये काम करतो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई-बाबांशी बोलताना माझा एक डच सहकारी सायकल परत करायला दारात आला आणि जाताना 'खझेलख!' म्हणाला. बाबांनी लगेच विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, "छान म्हणाला." बाबा म्हणाले, "मागच्या वेळीही हाच शब्द होता. तेव्हा तू म्हणालास गर्दी." ते मनाला लागून राहिलं, म्हणून सविस्तर ईमेल लिहिली. खाली जशीच्या तशी देतोय, फक्त घरच्या बाबी गाळल्यात. इथे नेदरलँड्समध्ये माझ्याहून जास्त राहिलेले बरेच आहेत. काही चुकलं असेल तर सांगा, आई-बाबांना चुकीचं कळायला नको.

---

ती. आई-बाबा, सा. न.

रविवारी मी बाबांना उडवून लावलं, ते मला आवडलं नाही. एका शब्दाचे दोन अर्थ सांगितले आणि दोन्ही अपुरे होते.

सोमवारपासून मी एका कागदावर लिहून ठेवायला लागलो की ऑफिसात हा शब्द कुणी कशाला वापरला. सोमवारी कँटीनमध्ये बसायला जागा नव्हती, तर एकजण म्हणाला, 'खझेलख गर्दी आहे.' मंगळवारी मी कुणाच्या तरी जेवणाच्या बेताला हो म्हटलं, तर उत्तरात एवढाच एक शब्द आला. बुधवारी आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या तंत्रज्ञाच्या खोलीला तो लागला. तिथे दोन पिवळे दिवे, एक फाटकी खुर्ची आणि कॉफीचं यंत्र आहे. गुरुवारी कुणाच्या तरी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना. शनिवारी भर थंडीत, बोचऱ्या वाऱ्यात भाजीबाजाराला.

आधी मला वाटलं ऊब, मंद उजेड, मऊ बैठक असं काहीतरी असेल. पण मग बाजाराचं काय? तिथे बोटं गारठली होती. म्हणून उलट बाजूने पाहिलं. 'ऑनखझेलख' म्हणजे जे खझेलख नाही ते. आमच्या नव्या इमारतीतलं कँटीन त्यात येतं. खुर्च्या महागाच्या आहेत, स्वच्छता आहे, पण टेबलं इतकी लांब लांब ठेवलीत की चार माणसं बसली तरी चार दिशांना बसल्यासारखी दिसतात. एकदा मी स्वतःही त्यात आलो. सुरुवातीच्या महिन्यांत मी डबा जागेवरच खायचो. काम संपवून लवकर निघावं एवढाच हेतू. एक दिवस शेजारच्या टेबलावरची सहकारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दू नीत झो ऑनखझेलख." म्हणजे असं ऑनखझेलख वागू नकोस. आवाज प्रेमाचा होता, पण ती तिथून हलली नाही. मी डबा उचलून मागे गेलो. टेबलावर सगळ्यांच्या पुढे पाव, चीज आणि ताकासारखं दूध. कुणी विशेष काही बोलत नव्हतं. वीस मिनिटांनी सगळे उठले. त्या दिवशी मला कळलं की हा शब्द तिने माझ्या वागण्याला लावला होता, मी डबा कुठे खाल्ला याला नाही.

दुसरी गोष्ट मी चुकलो तेव्हा कळली. एक तपासणीची मीटिंग फार चांगली झाली, आमचं डिझाइन मान्य झालं. मी बाहेर पडताना म्हणालो, मीटिंग खझेलख झाली. तीच सहकारी म्हणाली, "नाही, मीटिंग चांगली झाली. खझेलख झालं ते नंतर, कॉफीपाशी दहा मिनिटं उभे होतो ते." फरक एवढाच की मीटिंगला विषयपत्रिका होती, प्रत्येकाला काहीतरी मिळवायचं होतं. कॉफीपाशी कुणाला काही मिळवायचं नव्हतं.

मग मी शब्दाचं मूळ शोधलं. 'खझेल' म्हणजे सोबती. पूर्वी सुतार-लोहारांच्या संघात शिकाऊपण संपलेला पण अजून उस्ताद न झालेला कारागीर, त्यालाही खझेल म्हणत. आणि त्याच्याही आत 'झाल' आहे, म्हणजे दालन. एका दालनात राहणारा तो खझेल. म्हणजे शब्द मुळात खोलीचा नाही, दिव्याचा नाही, सोबतीचा आहे. खोली खझेलख असते कारण तिथे माणसं जवळ बसतात. बाजार खझेलख असतो कारण माणसं एकमेकांना धरून फिरतात. म्हातारी बाई खझेलख असते कारण तिच्याजवळ बसावंसं वाटतं.

आई, तुला नीट कळेल म्हणून इथल्या वाढदिवसाचं सांगतो. बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडतात. आलेला माणूस फक्त ज्याचा वाढदिवस आहे त्याचं अभिनंदन करत नाही, एकेकाशी हात मिळवत पूर्ण गोल फिरतो. बायकोला म्हणतो, नवऱ्याबद्दल अभिनंदन. आईला म्हणतो, मुलाबद्दल अभिनंदन. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. थोड्या वेळाने चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची चटणी. बस्स. मला पहिल्यांदा वाटलं, एवढंच? मग लक्षात आलं की घरची बाई पूर्ण वेळ त्या गोलात बसली होती. माझ्या मुंजीचे फोटो आठव. शंभर पानं उठली आणि एकाही फोटोत तू बसलेली नाहीस.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं मला काय वाटतं सांगू? सोसायटीच्या गच्चीवरची कोजागिरी. पेलाभर दूध असतं. दुधासाठी कुणी येत नाही, पण दूध नसेल तर कुणी वर येणारही नाही. सतरंजीवर कोण कुणाशेजारी बसलं, अकरा वाजले तरी कुणी उठेना, हेच दुसऱ्या दिवशी आठवतं. इथे डिसेंबरात सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणून ते गच्चीऐवजी आत बसतात आणि मेणबत्त्या लावतात. वर्षातून एकदा न करता दर आठवड्याला करतात, एवढंच.

बाबा, रविवारी तो सायकल द्यायला आला आणि तुम्ही पडद्यावरून त्याला हात केलात, त्याला तो खझेलख म्हणाला. आपण तिघं बोलत होतो, त्याला.

तुमचा
समीर

---

डेल्फ्टचा_धनू

फार छान लिहिलंयस. डेन्मार्कचं 'ह्युगं' आणि हे एकच, फक्त भाषा वेगळी. मेणबत्ती, कांबळं, गरम पेय. आणि 'झाल' म्हणजे आपली 'शाला'च की! पाठशाला, गोशाला, धर्मशाला. तुझ्या बाबांना सांग, शब्द मूळचा आपलाच आहे.

उत्रेख्तची_मावशी

समीर, एकतीस वर्षं इथे आहे. त्यातली अठरा वर्षं नव्याने आलेल्यांना डच शिकवण्यात गेली, म्हणून लिहिते. तुझ्या सहकारिणीने मीटिंगबद्दल जे सांगितलं ते मी वर्गात अर्धा तास सांगूनही लोकांच्या गळी उतरत नसे. तिचं वाक्य मला हवं होतं.

धनू, शाला आणि झाल सारखे ऐकू येतात, पण नातं नाही. संस्कृतच्या 'श'च्या जागी जुन्या डच-इंग्रजी घराण्यात 'ह' येतो. शत, तर डचमध्ये होंडर्ट. श्वान, तर होंट. शृंग, तर होर्न. त्या हिशेबाने शालेचा भाऊबंद शोधायचा तर तो इंग्रजी 'हॉल'मध्ये सापडतो. 'झाल'चे नातेवाईक पूर्वेला स्लाव्ह भाषांत आहेत, तिथे 'सेलो' म्हणजे खेडं. आपल्या बाजूला बघायचं असेल तर मूळ सोड आणि घडण बघ. 'सोबत' आपल्याकडे अरबी-फारसीतून आली, 'मैफल'ही तशीच. दोन्हीत एकत्र बसणंच आहे.

ह्युगंचं म्हणशील तर काही भाग जुळतो. पण बंद दाराआडच्या उबेसाठी डचमध्ये वेगळा शब्द आहे, 'क्नस'. छोट्या झोपडीला, पांघरुणात गुरफटलेल्या पोराला क्नस म्हणतील. रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीतल्या कॅफेला क्नस कुणी म्हणणार नाही, खझेलख मात्र म्हणतील. ह्या दोन शब्दांत घोळ झाला की बाजार खझेलख का, हे कधीच उलगडत नाही. समीरने बाजारापाशी थांबून विचार केला, म्हणून तो बरोबर ठिकाणी पोचला.

साताऱ्याचा_समीर

मावशी, मनापासून आभार. 'क्नस' मी ऐकला होता पण दोन्ही एकच समजत होतो. ईमेलला पुरवणी जोडतो.

नाशिकहून_वैशाली

नमस्कार. माझा मुलगा सप्टेंबरात शिकायला तिकडे येतोय. खोल्यांच्या जाहिरातींत हा शब्द सारखा दिसतोय. तुमची ईमेल वाचून कळलं की म्हणजे थंडीत उबदार राहणारी, हीटर चांगला असलेली खोली. मग तीच घ्यायला सांगू ना? भाडं बाकीच्यांपेक्षा कमीही आहे.

उत्रेख्तची_मावशी

वैशालीताई, घाई करू नका. जाहिरातीतला 'खझेलख' हीटरबद्दल काही सांगत नाही. बहुतेक वेळा खोली लहान आहे, हे गोड करून सांगण्याचा तो प्रकार असतो. मुलाला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा. खोली किती चौरस मीटर आहे. भाड्यात हीटिंग आणि वीज धरली आहे का, कारण नुसतं 'काल' भाडं लिहिलं असेल तर ते खर्च वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येईल का. ती नोंद झाल्याशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही, आणि तो नसेल तर नोकरी आणि विमा अडतो. स्वस्त खोली आणि 'नोंदणी नाही' असं असेल तर सोडून द्या.

नाशिकहून_वैशाली

बरं झालं विचारलं. त्या जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरांत नोंदणी नाही असंच आहे. मुलाला आत्ताच कळवते.

आम्स्टलवेनकर

मला मात्र ह्या शब्दाचा रागच येतो, खरं सांगतो. सहा वर्षं झाली. माझी मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाते, पावणेसहाला तिची आई फोन करते की न्यायला या, आम्ही जेवायला बसतोय. आपल्याकडे परकं पोर दारात असताना ताट मांडून आपण एकटे बसू का? कुणाच्या घरी जायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवा. एकदा एका कुटुंबाने आठ वाजता बोलावलं. आम्ही उपाशी गेलो, मिळाली कॉफी आणि एकेक बिस्किट. डबा बंद करून परत कपाटात. आणि निघताना तोंडभर 'खझेलख झालं'. बायको गाडीत रडली. ह्याला सोबत म्हणायचं?

साताऱ्याचा_समीर

तुमच्या घरच्यांना वाईट वाटलं, ते मी समजू शकतो. माझ्या पहिल्या वर्षी असंच झालं होतं. रात्री अकराला घरी येऊन खिचडी टाकली होती.

उत्रेख्तची_मावशी

आम्स्टलवेनकर, आठला बोलावणं म्हणजे जेवून या. हे ते सांगत नाहीत, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. जेवायला बोलावायचं तर सहा वाजता बोलावतात आणि 'जेवायला' असा शब्द घालतात. एवढं कळलं असतं तर तुमची संध्याकाळ वाचली असती.

पण तुमच्या रागात एक खरी गोष्ट आहे. आपल्याकडे पाहुणचार ही यजमानाची जबाबदारी. पाहुणा उपाशी गेला तर नाक यजमानाचं कापलं जातं. खझेलखमध्ये यजमान आणि पाहुणा अशी वाटणीच धरत नाहीत. गोलात बसलेल्या प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा. प्रश्न विचारायचे, दुसऱ्याच्या बोलण्याला हुंकार द्यायचा, घड्याळ पाहायचं नाही. जो गप्प बसून वाट बघतो की आता आपल्याला काय देतील, तो त्यांच्या लेखी वाटा न उचलणारा. आणि आपल्या लेखी बिस्किटाचा डबा बंद करणारा वाटा न उचलणारा. दोघांनाही समोरचा कंजूष वाटतो.

मुलीच्या मैत्रिणीच्या आईला एकदा सरळ म्हणा, बुधवारी ती जेवूनच येईल का? बुधवारी शाळा लवकर सुटते. बहुतेक 'खझेलख!' असंच उत्तर येईल, म्हणजे हो.

आम्स्टलवेनकर

विचारून बघतो. बिस्किटाच्या डब्याचं मात्र मला पटलेलं नाही.

वर्कशॉपवाला

एक बाजू कुणी लिहिली नाही. हा शब्द तोंड बंद करायलाही वापरतात. मी एका कंपनीत कंत्राटावर होतो. शुक्रवारी दुपारी चारनंतर बोरल असतो, म्हणजे ऑफिसातच बिअर, सरबत आणि ते तळलेले गरम गोळे, बिटरबालन. तिथे मी कंत्राटी लोकांच्या सुट्टीचा विषय काढला. मॅनेजर हसून म्हणाला, "हाउ हेत खझेलख." म्हणजे खझेलख ठेव. विषय संपला. हाच माणूस सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्या ड्रॉइंगला सगळ्यांसमोर वाईट म्हणाला होता. मला कळेना, हे लोक स्पष्टवक्ते आहेत की नाहीत.

उत्रेख्तची_मावशी

दोन्ही खरं आहे, जागा वेगळी आहे. कामाच्या टेबलावर बोचरं बोलणं चालतं, किंबहुना अपेक्षित असतं. बोरलला तेच बोललं की सगळ्यांच्या संध्याकाळीवर पाणी पडतं असं मानतात. सोमवारी सकाळी त्याच मॅनेजरची अर्ध्या तासाची वेळ घेऊन विचारलं असतं, तर बहुधा सरळ उत्तर मिळालं असतं. तरी तुम्ही म्हणता तसा गैरवापर होतो, मीही पाहिला आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे तो 'खझेलख ठेव' म्हणाला की ऐकणाऱ्याला तो हुकूमच असतो. त्याची भरपाई ह्या शब्दात नाही.

डेल्फ्टचा_धनू

शालेबद्दल मी चुकलो, मान्य. पण एका गोष्टीवर मी हटणार नाही. माझी घरमालकीण ऐंशीची आहे, एकटी राहते. रोज संध्याकाळी रेडिओ लावून, चहाच्या किटलीखाली मेणबत्तीची शेगडी पेटवून विणत बसते आणि मला सांगते की तिची संध्याकाळ खझेलख गेली. मग सोबत कुठे आहे? समीरचं सूत्र इथे मोडतं.

साताऱ्याचा_समीर

हे मलाही अडलं होतं. सहकाऱ्यांना विचारलं. दोघं म्हणाले, एकट्याने खझेलख होतच नाही, त्याला क्नस म्हण. तिसरा म्हणाला, का नाही, मी एकटा पुस्तक घेऊन बसतो तेव्हा होतं. त्यांचंच आपसांत जमेना.

उत्रेख्तची_मावशी

जमणारही नाही. वर्गातसुद्धा आम्ही दोन्ही उत्तरं बरोबर धरत होतो. मला स्वतःला वाटतं की रेडिओवरचा माणूस त्या आजींच्या खोलीत बसलेला असतो. रेडिओ बंद करून त्या काय म्हणतात, हे विचारून बघ.

डेल्फ्टचा_धनू

विचारलं. म्हणाल्या, "रेडिओ कशाला बंद करू?"

आम्स्टलवेनकर

ह्याला मी हो म्हणतो.

साताऱ्याचा_समीर

आईचा फोन आला काल. ईमेल बाबांनी तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. मुंजीच्या फोटोंवर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की तिने अल्बम काढून पाहिला, एका फोटोत ती आहे, पण उभी, हातात श्रीखंडाचं पातेलं.

मे महिन्यात दोघं इथे येतायत आणि तेव्हाच माझा वाढदिवस आहे. ऑफिसातल्या दहा-बारा जणांना बोलावतोय, दुपारी चारला. आई चिवडा आणि करंज्या आणणार आहे. तिने विचारलंय की त्या गोलात तिने नक्की कुठे बसायचं, आणि वाट्या संपल्या तर उठायचं की नाही. मावशी, तुम्ही सांगा, मी तिला कळवतो.

उत्रेख्तची_मावशी

गोलात ठरलेली जागा नसते, पण तिला दाराकडे तोंड करून बसव. येणारा प्रत्येकजण तिच्याशी हात मिळवून 'मुलाबद्दल अभिनंदन' म्हणेल, तेव्हा तिला तो येताना दिसायला हवा. 'खेफेलिसितेर्त' हा शब्द आधीच ऐकवून ठेव. उत्तरात फक्त 'दांक यू' म्हटलं तरी पुरे. चिवडा तीन-चार छोट्या वाट्यांत मधल्या टेबलावर ठेव, म्हणजे कुणालाही हात पुरतो. करंज्या केकबरोबर एकेक.

आणि वाट्या संपल्या तर तू ऊठ, समीर.